चाळीसला पडलेली बिजागरी

आमच्या छापखान्याच्या आणि शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानाच्या मध्ये फक्त एक प्लायवूड आहे. त्यामुळे शेजारी कोणाला किती इंची स्क्रू लागला, कोणाच्या मोरीचा नळ गळतो आणि कोणाचं कोणाशी बिनसलं, हे मला आपोआप समजतं. मी कान लावत नाही. लावावाच लागत नाही.

त्या दुकानात दोघे भाऊ. थोरले गल्ल्यावर बसतात, धाकटे खरेदी पाहतात. थोरल्यांना सगळा बाजार 'तोंडपाठ' म्हणतो, कारण दुकानातल्या बाराशे-तेराशे वस्तूंचे भाव त्यांना तोंडपाठ आहेत. खिळा, कडी, कोयंडा, पत्र्याचं वायसर, रंगाचा ब्रश, काही विचारा. प्रश्न संपायच्या आत उत्तर. एकदा एका गिऱ्हाइकाने नुसती तर्जनी आणि अंगठा यांच्यामध्ये थोडी फट दाखवली, तर यांनी "अर्ध्या इंचाची, नऊला डझन, गंजत नाही" म्हणून पुडी बांधून हातात दिली. गिऱ्हाईक घरी गेलं तेव्हा त्याला कळलं, की आपल्याला हेच हवं होतं.

भाव पाठ करण्याची त्यांची रीत ठरलेली. शनिवारी धाकटे घाऊक बाजारातून माल घेऊन येत, खुर्ची ओढून बसत आणि एकेक वस्तू हातात धरून सांगत, "दादा, ही चाळीसला पडली. ही साडेसातला पडली." थोरले डोळे मिटून ऐकत. बिल कधी मागितलं नाही. बिलं धाकट्यांच्या घरी, कपाटात, फायलीत. तिथून ती वर्षातून एकदा कर सल्लागाराकडे जात आणि तिथून जे कागद येत त्यांवर थोरले "कुठे करायची?" एवढंच विचारून सही करत. सख्ख्या भावाकडे बिल मागायचं म्हणजे ताटात वाढलेलं मोजून घेण्यासारखं, असं त्यांचं मत. तेवीस वर्षं हा शनिवारचा वर्ग चालला, आणि विद्यार्थी एकदाही नापास झाला नाही.

यंदा आमच्या व्यापारी संघाने सगळ्या दुकानांसाठी बिल करण्याचं एक नवं अॅप घेतलं. फोनवर वस्तू निवडली, की बिल तयार. त्यासाठी आधी प्रत्येकाने आपापल्या वस्तू आणि किमती त्यात भरायच्या. कंपनीने मराठीत माहितीपत्रकही दिलं. त्यातलं पहिलं वाक्य होतं, "आपले उत्पादन समाविष्ट करण्यासाठी अधिक चिन्हावर टिचकी मारावी."

"टिचकी?" दोरीवाले म्हणाले. "मी आयुष्यात फक्त कॅरमला मारली."

मग जे व्हायचं ते झालं. दोरीवाल्यांनी एककाच्या जागी 'मीटर'ऐवजी 'नग' ठेवलं आणि सात मीटर दोरीचं बिल सात दोरखंडांचं निघालं. चष्मेवाल्यांनी म्हटलं, एकदा दाबून भरवसा नाही. म्हणून 'वाचण्याचा चष्मा' दर वेळी नव्याने भरून नऊदा जतन केला, आणि यादीत एकाखाली एक नऊ चष्मे दिसायला लागले. बादल्या-डब्यांचं दुकान चालवणाऱ्या बाईंनी खरेदीची किंमत विक्रीच्या चौकटीत आणि विक्रीची खरेदीच्या चौकटीत भरली. संध्याकाळी अॅपने दिवसाचा नफा दाखवला तो उणे. बाई अर्धा तास स्टुलावर बसून होत्या. "म्हटलं, एवढी वर्षं मी काय लोकांना बादल्या वाटत होते की काय?"

चष्मेवाले संघाचे सचिव. नऊ चष्मे खोडून झाल्यावर ते तोंडपाठांकडे आले. मी तेव्हा पलीकडे शाई भरत होतो.

"दादा, तुम्ही साध्या मराठीत लिहून द्या. आठ पानांची छोटी पुस्तिका. वस्तू कशी घालायची, किंमत कशी घालायची, बास. शेजारी छापायला देऊ."

"मी? माझं शिक्षण तुम्हाला ठाऊक आहे."

"म्हणून तर. शिकलेल्या माणसाने लिहिलेली ही बघा ना." चष्मेवाल्यांनी पत्रकातली टिचकी पुढे केली.

तोंडपाठ खूश झाले. वर वर नाही नाही म्हणाले, पण त्याच दिवशी माझ्याकडून कोऱ्या कागदांची चळत घेऊन गेले आणि पैसे देताना माझ्याच कागदाचा भाव मला सांगून गेले. मग आठवडाभर दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की प्लायवूडपलीकडून आवाज यायचा. लिहिलेलं ते स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखवत. पुस्तिका अशी सुरू होत होती:

"पहिलं काम. फोनवर अॅप उघडा. खाली 'वस्तू' लिहिलंय, तिथे बोट ठेवा आणि उचला. दाबून धरू नका, तो दरवाजा नाही. मग वर उजवीकडे अधिकची खूण दिसेल. तिथे बोट ठेवलं की कोरा फॉर्म येतो.

दुसरं. वस्तूचं नाव तुम्ही गिऱ्हाइकाला सांगता तसंच लिहा. माप नावातच घाला. नुसतं 'बिजागरी' लिहाल तर उद्या तुम्हीच शोधत बसाल. 'बिजागरी तीन इंची' लिहा.

तिसरं. एकक. मोजून विकता की मापून, की वजनावर? नग, जोडी, मीटर, किलो, यातलं एक निवडा. दोरीवाल्यांनी हे दोनदा वाचावं."

उदाहरणाला त्यांनी तीन इंची बिजागरीची जोडी घेतली होती. दुकानातली सगळ्यात जास्त खपणारी वस्तू. आणि तिच्याशी त्यांचं एक नातंही होतं.

ते नातं सुतारमिस्त्रींमुळे. मिस्त्री अकरा वर्षं याच दुकानातून बिजागऱ्या नेत आणि अकरा वर्षं एकच संवाद होई, फक्त आकडे वाढत गेले. मला तो पाठ आहे, मी तोंडपाठ नसूनही.

"दादा, बेचाळीसने लावा."

"मिस्त्री, मला चाळीसला पडते. चव्वेचाळीसच्या खाली परवडत नाही. गळ्याशपथ."

"शपथ नको. तुम्ही म्हणता म्हणजे पडत असेल."

बस. मिस्त्री चव्वेचाळीस मोजत. एकदा शाळेच्या नव्या इमारतीचं काम त्यांना मिळालं होतं. साठ दारं. तेव्हा ते जरा जास्त वेळ उभे राहिले होते, कारण ठरलेल्या रकमेत काम अंगावर येणार होतं. तेव्हाही तोंडपाठांनी डोळे मिटून हिशेब केला, फार तर त्रेचाळीस म्हणाले, आणि वर स्वतःच्या खिशातून मिस्त्रींना स्क्रूंची दोन पाकिटं फुकट दिली. त्यावर मिस्त्री माझ्याकडे पावतीपुस्तक छापायला आले होते तेव्हा म्हणाले, "बाकीचे सुतार म्हणतात पुढच्या चौकात स्वस्त मिळते. मी म्हणतो मिळू दे. आमच्या दादाला चाळीसला पडते, मी डोळ्यांनी त्याचं तोंड बघितलंय."

पुस्तिकेत चौथी पायरी विक्री किंमत. ती लिहून झाली. पाचवी खरेदी किंमत. इथे तोंडपाठ अडले. फॉर्ममध्ये खरेदी किमतीशेजारी दोन पर्याय होते, 'कर धरून' आणि 'कर सोडून'. लोकांना नेमकं काय निवडायचं ते सांगायला हवं. त्यांना वाटलं, बिल समोर ठेवून दाखवावं. बिलावर दर कुठे असतो, कर कुठे असतो, बाण काढून दाखवले की बादलीवाल्या बाई परत घाबरणार नाहीत. अडचण एवढीच की घाऊक बाजाराचं बिल त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

धाकट्यांचं त्याच आठवड्यात डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. मोतीबिंदू. काळा चष्मा लावून ते घरी पडून होते आणि त्यांना वाचायला, टीव्ही बघायला मनाई होती. तोंडपाठ दुपारी त्यांच्याकडे गेले. धाकटे झोपले होते.

धाकट्यांची बायको म्हणाली, "उठवू का, दादा?"

"नको नको. बिजागऱ्यांचं एक बिल हवं होतं. एकच. पुस्तिकेला."

"त्या कपाटात फाईल आहे. तुम्हीच बघा बाई, मला त्यातलं काही कळत नाही. चहा टाकते."

पुढचं मला त्यांनी स्वतः सांगितलं, छापखान्याच्या बाकावर बसून, माझ्याकडे न बघता.

बिल मिळालं. वस्तूचं नाव होतं, जोड्या होत्या, दर होता चाळीस. त्यांना बरं वाटलं. "बघ," ते मनात म्हणाले, "चाळीसच." मग बाण काढण्यासाठी ते खाली खाली वाचत गेले. खाली एक ओळ होती. व्यापारी सूट, वीस टक्के. म्हणजे चाळीस ही यादीतली किंमत. सूट वजा जाता बत्तीस. त्यावर पाच टक्के कर, एक रुपया साठ पैसे.

भावाची बाजू घ्यायची त्यांना सवय होती. त्यांनी घेतली. म्हणाले, गाडीभाडं असेल. भाड्याची पावती त्याच बिलाला टाचलेली होती. जोडीमागे चाळीस पैसे. हमाली? भाड्यातच धरलेली. सूट याच वेळी मिळाली असेल, म्हणून त्यांनी मागचं बिल काढलं. वीस टक्के. त्याच्या मागचं. वीस टक्के. अकरा वर्षांपूर्वीपर्यंतची बिलं त्यांनी जमिनीवर बसून बघितली. तेव्हा यादीची किंमत कमी होती, धाकटे तीच 'पडली' म्हणून सांगत होते, आणि सूट तेव्हाही होती. बिजागरीचं झालं. मग कडी. मग कोयंडा. चहा आला, त्यावर साय धरली.

चौतीसला पडणारी जोडी धाकटे चाळीसला पडली म्हणून सांगत. गल्ल्यातून चाळीसच्या हिशेबाने पैसे नेत. वरचे सहा कोणाला दिसतच नव्हते, कारण दिसण्याची जागा एकच होती, बिलाच्या खालची ओळ. आणि ती ओळ बघायची नाही हा थोरल्यांचा स्वतःचाच नियम होता.

"मला पैशांचं वाईट नाही वाटलं," ते मला म्हणाले. मग म्हणाले, "वाटलं. खोटं कशाला बोलू. पण ते नंतर वाटलं."

आधी काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही. ते दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले तेव्हा मला प्लायवूडमधून समजलं.

"दादा, सहा जोड्या. बेचाळीसने लावा."

मी हातातला रोलर खाली ठेवला.

"दादा?"

"मिस्त्री, आज नका घेऊ. उद्या या."

"का हो, संपल्या? त्या काय समोर दिसतायत."

"आहेत. भाव बघायचाय."

"तुम्हाला भाव बघायचाय?" मिस्त्री हसायला लागले. "मग आता मी लाकूड बघायला डॉक्टरांकडे जातो."

ते हसत हसत गेले. तोंडपाठ हसले नाहीत. एरवी मिस्त्रींच्या फालतू विनोदालाही ते टेबलावर थाप मारून दाद देत.

फाईल काढल्याच्या पाचव्या दिवशी धाकटे काळा चष्मा लावून दुकानात आले. बायकोने फायलीचं सांगितलं असणार. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं.

"दादा, फाईल तू काढलीस?"

"बिल पाहिजे होतं. पुस्तिकेला."

"मला विचारायचं."

"तेवीस वर्षं विचारतोय. दर शनिवारी. तू सांगतोस, मी पाठ करतो."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. त्यांची शनिवारची खुर्ची.

"हे बघ," धाकटे म्हणाले, "सूट काय आभाळातून पडत नाही. त्या घाऊकवाल्याशी मी घासाघीस केली. उन्हात उभा मी राहतो, पोती मी उचलतो, गाडीत मी लटकतो. तू पंख्याखाली बसून भाव सांगतोस आणि लोक तुला वाहवा म्हणतात. माझ्या पायपिटीचं काय?"

"मग सांगायचंस. दादा, एवढे माझे, म्हणायचंस. मी दिले असते."

"दिले असतेस?"

"आता ते कसं कळणार? तू मला तसा माणूस होऊच दिलं नाहीस."

"सहा रुपयांवरून एवढं?"

"सहा तुझ्याकडे ठेव. मी अकरा वर्षं मिस्त्रीला गळ्याची शपथ घेऊन सांगतोय, चाळीसला पडते. गळा माझा होता. बोलत तू होतास."

धाकट्यांनी खुर्ची मागे सारली. मग म्हणाले, "चष्मा लावूनही डोळ्याला त्रास होतोय, मी जातो," आणि गेले. मी त्यांना माझ्या दारावरून जाताना पाहिलं. चांगला माणूस आहे. माझ्या आईच्या आजारपणात रात्री गाडी घेऊन हाच आला होता. माणसाचे असे दोन हिशेब एकाच फायलीत निघाले, की वाचणाऱ्याला काय करावं कळत नाही.

तोंडपाठांनी मग फोन काढला आणि बिजागरी तीन इंची उघडली. खरेदी किंमत, कर धरून, तेहेतीस साठ. जतन केलं. दुकानाच्या खात्यात दोघे मालक म्हणून नोंदलेले, तेव्हा ते धाकट्यांच्या फोनवरही दिसणार होतं. मग त्यांनी विक्री किंमतही बदलली आणि पुस्तिकेची उरलेली पानं लिहून माझ्याकडे आणून दिली.

पाचवी पायरी अशी होती:

"खरेदी किंमत. ही गिऱ्हाइकाच्या बिलावर छापली जात नाही, फक्त मालकाला दिसते. यावरूनच अॅप नफा काढतं, म्हणून चुकीची भराल तर नफाही चुकीचा दिसेल. घाऊकवाल्याचं बिल समोर ठेवा. यादीतला दर घेऊ नका. खाली सूट असते, ती वजा करा. त्यात कर मिळवून भरत असाल तर 'कर धरून' निवडा. नाहीतर 'कर सोडून'. बिल बघूनच भरा. कोणी तोंडी सांगितली म्हणून भरू नका. सांगणारा सख्खा असला तरी."

चष्मेवाले छपाईआधी तपासायला आले. शेवटच्या वाक्याला ते मनापासून हसले.

"वा, दादा. हा विनोद ठेवायचा?"

"ठेवा," तोंडपाठ म्हणाले.

"लोकांना आवडेल. भावाभावांची दुकानं कितीतरी आहेत आपल्याकडे."

"आवडेल," तोंडपाठ म्हणाले.

आवडलीच. पुस्तिका सगळ्या बाजारात वाटली गेली. दोरीवाल्यांचं एकक जागेवर आलं. बादलीवाल्या बाईंचा नफा उण्यातून वर आला आणि त्यांनी संघाला पेढे नाहीत तरी दोन बादल्या भेट दिल्या. 'सांगणारा सख्खा असला तरी' हे वाक्य तर लोक येता-जाता एकमेकांना ऐकवायला लागले. चहावाला सांगतो, "चहा गरम आहे," की समोरचा म्हणतो, "बघूनच पितो, सांगणारा सख्खा असला तरी." असं कोणी म्हटलं की पलीकडे तोंडपाठ काउंटर पुसायला लागतात. पुसलेलं काउंटर परत पुसतात. छापणारा मी, पण हसायला मला अजून जमलेलं नाही.

धाकट्यांचा डोळा बरा झाला. खरेदीला तेच जातात. शनिवारी माल येतो. ते आता खुर्ची ओढत नाहीत. बिल गल्ल्याशेजारी ठेवतात, वर वजन म्हणून एक कुलूप, आणि रंगांच्या डब्यांकडे तोंड करून उभे राहतात. तोंडपाठ बिल खालपासून वर वाचतात आणि किमती भरतात. दोघांत "टेप कुठाय" आणि "सुटे आहेत का" एवढं बोलणं आहे. दुकान व्यवस्थित चालतं. चहा दोघांचा एकत्र येतो, कारण चहावाल्याला कोणी काही सांगितलेलं नाही.

मिस्त्री त्या 'उद्या'ऐवजी आठवड्याने आले. मी आपला दारातच उभा होतो, लपवायचं काय त्यात.

"दादा, सहा जोड्या. बेचाळीस."

तोंडपाठांनी खिशातून चष्मा काढला, मग फोन. वस्तू शोधली. पडद्यावर बोट ठेवून वाचलं, "बिजागरी तीन इंची, अडतीस."

मिस्त्रींनी मागे वळून पाहिलं, की मागे आणखी कोणी गिऱ्हाईक आहे का.

"अडतीस? तुम्हाला चाळीसला पडते ना?"

"चौतीसला पडते."

"आत्ता उतरली?"

कोपऱ्यात धाकटे खिळे तोलत होते. तराजूत खिळे पडायचे थांबले.

तोंडपाठ म्हणाले, "नाही. आधीपासूनच."

मिस्त्री त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ज्या तोंडावर अकरा वर्षं काढली तेच तोंड. मग हळू आवाजात म्हणाले, "आणि शाळेची साठ दारं, दादा?"

धाकट्यांचं नाव घेतलं असतं तर तोंडपाठ एका वाक्यात सुटले असते. धाकटे समोरच होते. त्यांनी घेतलं नाही. फोन खाली ठेवून, पुस्तिकेच्या सहाव्या पानावर स्वतःच लिहिलेलं वाक्य ते म्हणाले, आणि माझ्या माहितीत त्या दिवशी तेवढंच त्यांनी न बघता म्हटलं.

"किंमत बदलली की पुढच्या बिलांना नवी लागते. जुनी बिलं होती तशीच राहतात."

मिस्त्रींनी सहा जोड्यांचे अडतीसने पैसे मोजले. नेहमी ते पैसे ठेवून निघत. आज त्यांनी थांबून बिल मागितलं, घडी उलगडली, आणि खालपर्यंत वाचून खिशात ठेवलं.